लहान ऑफिसचा बॅकअप: परत मिळवण्यापासून सुरुवात

प्रश्न: आमचं नऊ जणांचं ऑफिस आहे, आयटीचा वेगळा माणूस नाही. एका विंडोज कॉम्प्युटरलाच आम्ही सर्व्हर केलंय. त्यावर सगळ्यांचं शेअर्ड फोल्डर आहे, सुमारे ४०० जीबी, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस. रोज रात्री रोबोकॉपीची स्क्रिप्ट सगळं यूएसबी हार्ड डिस्कवर उतरवते, डिस्क कायम जोडलेली असते. महत्त्वाची फोल्डरं क्लाउडवर सिंकही होतात. उद्या रॅन्समवेअर आला किंवा सर्व्हरच गेला तर एवढ्यावर भागेल का? आणि परत उभं राहायला किती वेळ लागेल?

उत्तर: सर्व्हरमधली डिस्क नुसती बंद पडली तर तुमच्या फायली वाचतील. रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा प्रोग्रॅम, आला तर सर्व्हर, यूएसबी डिस्क आणि क्लाउड ही तिन्ही ठिकाणं एकाच रात्रीत जाऊ शकतात. आणि हिशेबाचा डेटाबेस तुमच्या बॅकअपमध्ये आजसुद्धा नसण्याची बरीच शक्यता आहे. या तिसऱ्या गोष्टीपासूनच सुरुवात करते, कारण ती अर्ध्या तासात तपासता येते आणि बाकी काहीही उभारण्याआधी ती तपासायला हवी.

डेटाबेस सॉफ्टवेअर चालू असेपर्यंत स्वतःच्या फायली धरून ठेवतं, दुसऱ्या कुणाला उघडू देत नाही. रात्री ऑफिस रिकामं असलं तरी डेटाबेसची सेवा सर्व्हरवर चालूच असते. रोबोकॉपी त्या फायलीपाशी पोचते, तिला ती उघडता येत नाही आणि लॉगमध्ये अशी नोंद पडते:

```
ERROR 32 (0x00000020) Copying File D:\Data\Accounts.mdf
The process cannot access the file because it is being used by another process.
```

आता गंमत बघा म्हणणार नाही, कारण ही फार महागात पडणारी गोष्ट आहे. रोबोकॉपीला वेगळं काही सांगितलं नाही, तर ती अशा फायलीसाठी ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते, आणि असे १० लाख प्रयत्न करायची तिची तयारी असते. त्यामुळे पहिल्याच रात्री स्क्रिप्ट तिथे अडकून बसते. लावणारा माणूस सकाळी ते बघतो, शोधाशोध करतो आणि `/R:1 /W:1` जोडून मोकळा होतो. त्यानंतर स्क्रिप्ट रोज वेळेवर संपते, कारण न उघडणारी फाइल ती सोडून पुढे जाते. जी फाइल सतत वापरात असते तीच सोडली जाते, आणि ऑफिसात सतत वापरात असणारी फाइल बहुधा सगळ्यात मोलाची असते.

मी एका ऑफिसात हे प्रत्यक्ष पाहिलं. यूएसबी डिस्कवर डेटाबेसची फाइल होती, नाव बरोबर, आकारही ठीक वाटेल इतका. तारीख मात्र सात महिन्यांपूर्वीची. त्या एका रात्री अपडेटनंतर सर्व्हर पुन्हा सुरू झाला होता आणि डेटाबेसची सेवा काही कारणाने उठली नव्हती, म्हणून फाइल मोकळी सापडली आणि कॉपी झाली. नंतर एकदाही नाही. फोल्डर उघडून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसत होतं.

तेव्हा आज यूएसबी डिस्कवर डेटाबेसची फाइल शोधा आणि तिची तारीख बघा. मग टास्क शेड्युलरमध्ये त्या कामाचा Last Run Result बघा. इथे एक गोंधळ नेहमी होतो. रोबोकॉपी यशस्वी झाल्यावरही शून्य देतेच असं नाही. `0x1` म्हणजे नव्या फायली उतरल्या, `0x3` म्हणजे उतरल्या आणि डिस्कवर काही जास्तीच्या फायली सापडल्या. हे दोन्ही ठीक. आकडा ८ किंवा त्याहून मोठा असेल, म्हणजे `0x8`, `0x9`, `0xB` असं काही, तर काही फायली उतरलेल्या नाहीत. शून्य नसलेला आकडा रोज बघून लोकांची नजर मरते आणि `0x1` चा `0x9` कधी झाला ते कुणाच्या लक्षात येत नाही. हे आकडे खरे मानायचे तर स्क्रिप्टमध्ये रोबोकॉपी ही शेवटची ओळ हवी. तिच्यानंतर दुसरं काही चालत असेल तर शेड्युलरला त्या दुसऱ्याचा निकाल दिसतो.

उपाय असा की डेटाबेसची चालू फाइल उचलायचीच नाही. डेटाबेसला स्वतःलाच त्याची प्रत काढायला सांगायचं. तुमचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत आवृत्तीवर चालत असेल, तर ही एक ओळ रात्रीच्या कामात मुख्य बॅकअपच्या आधी चालवा:

```
sqlcmd -b -E -S .\SQLEXPRESS -Q "BACKUP DATABASE [Accounts] TO DISK='D:\Dump\Accounts.bak' WITH INIT, CHECKSUM"
```

यातलं `-b` विसरू नका. ते नसेल तर बॅकअप फसला तरी कमांड यशस्वी झाल्यासारखी परतते. दुसरी अडचण हमखास येते ती अशी: `D:\Dump` मध्ये लिहिण्याची परवानगी तुम्हाला असून चालत नाही, डेटाबेसची सेवा ज्या खात्याखाली चालते त्या खात्याला ती लागते. "Access is denied" आलं तर आधी तिकडे बघा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची बॅकअपची सोय असेल तर ती वापरा, तेही उत्तम. हवी आहे ती रोज रात्री तयार होणारी, बंद केलेली, नवी फाइल. बाकीच्या बॅकअपने ती फाइल उचलायची.

आता रॅन्समवेअरकडे. कायम जोडलेली यूएसबी डिस्क सर्व्हरच्या नजरेतून आणखी एक ड्राइव्ह असते, D: तशी E:. सर्व्हरवर जो प्रोग्रॅम तुमच्या फायली कुलूपबंद करू शकतो, तो त्याच अधिकारात डिस्कवरच्याही करतो. त्यातून तो चुकून डिस्क विसरलाच, तरी तुमच्या स्क्रिप्टमध्ये `/MIR` असेल तर उरलेलं काम स्क्रिप्ट करते. `/MIR` म्हणजे डिस्क हुबेहूब सर्व्हरसारखी कर. सर्व्हरवर जे नाही ते डिस्कवरून पुसलं जातं. कुलूपबंद फायलींना नवी नावं मिळालेली असतात, त्या नव्या म्हणून उतरतात आणि जुन्या चांगल्या फायली "सर्व्हरवर नाहीत" म्हणून जातात. कुणी दुपारी चुकून फोल्डर पुसलं आणि दोन दिवसांनी त्याची आठवण झाली, तरी हेच होतं. आरशात मागचं काही दिसत नाही.

क्लाउड सिंकचंही तसंच. सिंकचं काम दोन्हीकडे एकसारखं ठेवणं हे आहे, आणि ते इमानदारीने बिघाडही दोन्हीकडे एकसारखा ठेवतं. बऱ्याच सेवा जुन्या आवृत्त्या काही दिवस सांभाळतात, ते काही वेळा खरंच जीव वाचवतं. पण किती दिवस ते तुमच्या प्लॅनवर ठरतं, आणि हजारो फायली एका दिवसाआधीच्या स्थितीत एकगठ्ठा परत नेण्याची सोय प्रत्येकाकडे नसते. तुमच्या सेवेत ती आहे का, हे आत्ता शांतपणे बघून ठेवा.

हल्लेखोर माणसं असतील तर ती घाईत नसतात. आत शिरल्यावर काही दिवस, कधी काही आठवडे नेटवर्कमध्ये फिरतात, पासवर्ड गोळा करतात, बॅकअप कुठे आहे ते शोधतात. विंडोज स्वतः ठेवतं त्या शॅडो कॉपी पुसून टाकणं हा तर फायली कुलूपबंद करण्याआधीचा त्यांचा ठरलेला उद्योग. म्हणून बॅकअपची प्रत सर्व्हरच्या अॅडमिन खात्याने पुसता येत असेल, तर ती प्रत सर्व्हरबरोबरच जाईल असं मी धरून चालते.

२०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम पसरला तेव्हा मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क काही तासांत गेलं. कोण कर्मचारी, कुणाला कसला अधिकार, ही माहिती ठेवणारे त्यांचे सर्व्हर एकमेकांच्या प्रती होते आणि सगळे एकदम पुसले गेले. वाचला तो एक, घानामधला, कारण तिथली वीज गेलेली असल्यामुळे तो त्या वेळी नेटवर्कवर नव्हता. त्याच्या आधारावर कंपनी पुन्हा उभी राहिली. एवढ्या मोठ्या कंपनीला योगायोगाने मिळालेलं ते तुम्हाला ठरवून मिळवता येतं: एक प्रत अशी, जिची तार निघालेली आहे.

योजना मांडण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात, आणि त्या मी ठरवू शकत नाही. प्रत्येक प्रकारच्या डेटासाठी स्वतःला विचारा: किती तासांचं काम पुन्हा करावं लागलं तर चालेल? आणि किती वेळ ते हाती नसलं तरी ऑफिस तग धरेल? नऊ जणांनी एकत्र बसून, शेअर्ड फोल्डरमधली वरवरची फोल्डरं एकेक करून हे करायचं. सहसा असं निघतं की हिशेब आणि चालू कामं यांत एका दिवसापेक्षा जास्त गमावणं परवडत नाही आणि ती दुसऱ्या दिवशी हातात हवीत. जुन्या, बंद झालेल्या कामांना आठवडा लागला तरी चालतो. तुमच्या ४०० जीबींपैकी चालू कामाचे कदाचित ४०-५० जीबीच असतील. हे वेगळं काढलंत की पुढचं सगळं सोपं होतं, कारण परत आणताना आधी काय आणायचं ते ठरलेलं असतं.

मी तुमच्या जागी तीन प्रती ठेवीन. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुळवलेला ३-२-१ चा नियम तुम्ही ऐकला असेल: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक जागेच्या बाहेर. तो चांगलाच आहे, पण पुसता न येणारी प्रत कोणती हे तो सांगत नाही. मी मांडणी करताना तोच प्रश्न आधी विचारते.

पहिली प्रत ऑफिसातच, पण वेगळ्या डब्यात. एखादा जुना पण धडधाकट कॉम्प्युटर, दोन मोठ्या डिस्क आणि लिनक्स एवढं पुरतं. त्यावर सर्व्हरची खाती चालता कामा नयेत, त्याचा पासवर्ड सर्व्हरवर कुठेही साठवलेला नको, आणि तो ऑफिसातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर शेअर्ड फोल्डर म्हणून दिसता कामा नये. मी यासाठी रेस्टिक हे बॅकअपचं साधन वापरते. ते मोफत आहे, सगळं कूटबद्ध करून ठेवतं, आणि फक्त बदललेले तुकडे पाठवतं, त्यामुळे पहिल्या रात्रीनंतर काम काही मिनिटांचं होतं. डब्यावर त्याचा सर्व्हर असा चालवायचा:

```
rest-server --path /srv/restic --append-only --no-auth
```

`--append-only` मुळे ऑफिसचा सर्व्हर तिथे नवं टाकू शकतो, जुनं पुसू शकत नाही. सर्व्हर पूर्णपणे हल्लेखोराच्या हातात गेला तरी कालपर्यंतच्या प्रती त्याच्या आवाक्याबाहेर राहतात. आधी एकदाच सर्व्हरवरून `restic -r rest:http://backupbox:8000/office init` चालवून जागा तयार करायची आणि रेस्टिकचा पासवर्ड ठरवायचा. रात्रीच्या कामाला तो मिळावा म्हणून एका फाइलमध्ये ठेवायचा. मग सर्व्हरवरून रोज रात्री, डेटाबेसची प्रत काढून झाल्यावर, हे चालतं:

```
restic -r rest:http://backupbox:8000/office --password-file C:\restic\pass.txt backup D:\Office D:\Dump --use-fs-snapshot
```

शेवटचा पर्याय विंडोजला आधी त्या क्षणाचं चित्र धरायला सांगतो, म्हणून कुणी उघडी ठेवलेली स्प्रेडशीटसुद्धा उचलली जाते. त्यासाठी काम अॅडमिन अधिकारात चालवावं लागतं. जुन्या प्रती छाटायचं काम मात्र सर्व्हरवरून करायचं नाही. ते डब्यापाशी बसून, महिन्यातून एकदा, आधी प्रतींची यादी डोळ्यांखालून घालून करायचं. किती मागे जाता यावं? रोजच्या ३०, आठवड्याच्या १२ आणि महिन्याच्या २४ प्रती मी ठेवते. हे जास्त वाटेल, पण हल्लेखोर तीन आठवडे आत असेल तर दहा दिवसांच्या प्रतींचा उपयोग मर्यादित असतो, आणि स्प्रेडशीटमधला चुकलेला हिशेब तर कित्येकदा वर्षअखेरीलाच सापडतो. बदललेले तुकडेच साठत असल्यामुळे जागा त्या मानाने फार लागत नाही.

दुसरी प्रत दोन यूएसबी डिस्कवर, आळीपाळीने. तुमची आत्ताची डिस्क आणि तिला एक जोडीदार. आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी एक डिस्क डब्याला जोडायची, प्रत उतरवायची, काढायची आणि ऑफिसच्या बाहेर न्यायची. त्या दिवशी दुसरी बाहेरच असते, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी ऑफिसात कधीच नसतात. आग लागली, पाणी शिरलं, चोरी झाली, तरी जास्तीत जास्त आठवड्याचं काम जातं. डिस्क सर्व्हरला जोडू नका, डब्यालाच जोडा. हे काम दोन माणसांच्या नावावर ठेवा, कारण एकच माणूस असला की त्याच्या सुट्टीत साखळी तुटते आणि मग ती पुन्हा जुळत नाही.

तिसरी प्रत क्लाउडवर, पण सिंक म्हणून नाही. बॅकअपसाठीची साठवण घ्या आणि तिच्यात ठरावीक दिवस काहीही पुसता येणार नाही असं कुलूप लावा. ऑब्जेक्ट लॉक या नावाने ते मिळतं. रेस्टिकसारखं साधन मधूनमधून स्वतःच्या छोट्या तात्पुरत्या फायली पुसत असतं, म्हणून कुलूप लावल्यावर बॅकअप आणि रिस्टोअर दोन्ही चालवून बघा, मगच ते झालं असं धरा. चालू कामाचे ४०-५० जीबी आणि डेटाबेस एवढंच तिथे पाठवलं तरी पुष्कळ झालं.

कारण क्लाउडवरून परत आणण्याचा वेळ लोक मोजतच नाहीत. १०० एमबीपीएसची लाइन म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. ४०० जीबी उतरवायला सगळं सुरळीत चाललं तरी नऊ तास. लाइन २० ची असेल तर सुमारे ४५ तास, आणि तेही ऑफिसातल्या इतर कुणी इंटरनेट वापरलं नाही तर. यूएसबी डिस्कवरून, सेकंदाला १०० मेगाबाइटच्या हिशेबाने, तास-सव्वातास. पण तो वेग मोठ्या फायलींना मिळतो. लाखभर छोट्या फायली असतील तर तेच काम चार-सहा तासांवर जातं, कारण प्रत्येक फायलीगणिक डिस्कला थांबावं लागतं. म्हणून क्लाउडची प्रत ऑफिस जळालं तर, आणि रोजच्या चुकांसाठी शेजारचा डबा.

एक गोष्ट मी कागदावरच ठेवायला लावते. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर ती प्रत कुणालाही उघडता येत नाही, तुम्हालाही नाही. बाहेर जाणाऱ्या डिस्कवर बिटलॉकर लावलं असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हवी. क्लाउडच्या खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन असेल तर त्याचे आणीबाणीचे कोड हवेत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना क्रमांक, ते बसवायची फाइल, नेमकी आवृत्ती, आणि ज्यांच्याकडून ते घेतलं त्यांचा फोन हवा. राउटरचा आणि डोमेन नावाच्या खात्याचा पासवर्डही. हे सगळं छापून दोन पाकिटांत, एक ऑफिसात कुलपात आणि एक बाहेर, डिस्कपेक्षा वेगळ्या जागी. मी पाहिलेल्या ऑफिसांपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी ही यादी एका स्प्रेडशीटमध्ये होती आणि ती स्प्रेडशीट सर्व्हरवर होती.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, किती वेळ लागेल याचं, उत्तर तालमीशिवाय देता येत नाही. वर ज्या ऑफिसची सात महिने जुनी फाइल सांगितली, त्यांच्याकडे रॅन्समवेअर एका शुक्रवारी रात्री चालला आणि सोमवारी सकाळी उघडकीला आला. जोडलेली डिस्क गेली होती. कपाटात अकरा दिवसांपूर्वीची एक डिस्क सापडली, तीही कुणीतरी कामासाठी बाजूला काढलेली म्हणून. फायली परत आणायला आम्हाला पाच तास लागले. ऑफिस उभं राहायला मात्र चार दिवस. पहिला दिवस नवा कॉम्प्युटर मिळवण्यात आणि विंडोज बसवण्यात गेला. दुसरा हिशेबाच्या सॉफ्टवेअरची बरोबर आवृत्ती शोधण्यात, कारण नवी आवृत्ती जुना डेटाबेस उघडायला तयार नव्हती. तिसरा परवाना जुन्या यंत्रावरून नव्यावर करून घेण्यात. चौथा प्रिंटर, स्कॅनचं फोल्डर, प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवरचे ड्राइव्हचे मार्ग. आणि डेटाबेसचे सात महिने, ते बिलांच्या छापील प्रतींवरून दोघींनी सहा आठवडे बसून पुन्हा भरले. त्यातली एक मला दर शुक्रवारी फोन करून किती महिने झाले ते सांगायची. तो फोन मी अजून विसरलेले नाही.

म्हणून तालीम करा, एका सुट्टीच्या दिवशी, अशी: सर्व्हर बंद करायचा. त्याला हात लावायचा नाही, त्यावरची एकही फाइल बघायची नाही. हाताशी फक्त पाकीट, एक डिस्क आणि दुसरा रिकामा कॉम्प्युटर. तो नेटवर्कपासून सुटा ठेवा, नाहीतर हिशेबाचं सॉफ्टवेअर तालमीतून खरेच मेल पाठवायचं. घड्याळ लावा. विंडोज बसवा, हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवा, डेटाबेस परत भरा. आता ताळेबंद उघडा आणि आदल्या दिवशी मुद्दाम छापून ठेवलेल्या ताळेबंदाशी शेवटची बाकी जुळवा. फाइल उघडली एवढ्यावर थांबू नका, आकडा जुळला पाहिजे. मग चालू कामातली वीस फोल्डरं परत आणा आणि प्रत्येकातली एक फाइल ज्याची तिने किंवा त्याने स्वतः उघडून बघा. प्रत्येक पायरीला किती वेळ लागला आणि कुठे अडलं ते लिहा. पहिल्या तालमीत तुमचा दिवस पुरणार नाही, हे मी जवळपास खात्रीने सांगते. दुसऱ्या वेळी अडलेल्या जागा दुरुस्त झालेल्या असतात आणि तोच दिवस अर्धा होतो. तुमच्या आकाराच्या ऑफिसला, पाकीट तयार असेल आणि एखादा जास्तीचा कॉम्प्युटर असेल, तर चालू काम आणि हिशेब एका कामाच्या दिवसात उभं करता येतं. जुनी फोल्डरं पुढच्या दोन-तीन दिवसांत मागाहून.

तालीम न केलेल्यांत जाणकारही असतात. गिटलॅब ही प्रोग्रॅमरांसाठी सेवा देणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसचं फोल्डर पुसलं गेलं, आणि मग कळलं की रोजचा बॅकअप तयारच होत नव्हता. बॅकअप काढणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसपेक्षा जुनी होती, म्हणून ते चूक सांगून बंद होत होतं. चूक कळवणारे मेल त्यांच्याच मेल व्यवस्थेकडून नाकारले जात होते. सुमारे सहा तासांआधी एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत होती, तिच्यावरून ते परत आले आणि मधल्या सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी हे सगळं स्वतः उघडपणे लिहिलं, त्याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे. त्यातून मी माझी एक पद्धत बदलली: बॅकअप फसला तर मेल यावा यावर मी आता विसंबत नाही. बॅकअप झाला याचा मेल रोज यावा अशी सोय करते, आणि तो आला नाही तर विचारणारं एक माणूस नेमते. शांतता म्हणजे सगळं ठीक, असं तिथे कधीच धरायचं नाही.

त्या रोजच्या मेलमध्ये दोन आकडे असू द्या: डेटाबेसच्या प्रतीचा आकार, आणि त्या रात्री नव्याने किती डेटा गेला. पहिला हळूहळू वाढत जायला हवा. तो अचानक घटला किंवा महिनाभर तसूभर हलला नाही, तर प्रत नीट निघत नाहीये. दुसरा तुमच्याकडे रोज समजा दोन-तीन जीबी असेल आणि एका रात्री ८० झाला, तर कुणीतरी मोठं काहीतरी टाकलंय, नाहीतर फायली कुलूपबंद होऊ लागल्यात. कूटबद्ध झालेली फाइल बॅकअपला पूर्ण नवी वाटते आणि दाबून लहानही करता येत नाही, म्हणून हा आकडा उसळतो. सकाळी ऑफिस उघडायच्या आधी हे दिसलं तर तुम्ही बरंच वाचवू शकता.

आणि तो दिवस खरंच उगवला, तर पहिल्या तासात काय करायचं तेही पाकिटातच लिहून ठेवा, कारण तेव्हा डोकं चालत नाही. सर्व्हरची आणि सगळ्या कॉम्प्युटरांची नेटवर्कची तार काढायची, वायफाय बंद करायचं. कॉम्प्युटर लगेच बंद किंवा पुसून टाकायचा नाही. रॅन्समवेअर कसा शिरला हे कळायला, आणि एखाद्या प्रकारासाठी पुढे मोफत किल्ली मिळाली तर ती वापरायला, त्या डिस्क लागतात. बॅकअप डब्याची तारही काढायची, आणि कुणीही घाबरून बाहेरची यूएसबी डिस्क आणून सर्व्हरला जोडायची नाही. हे शेवटचं मी ठळक अक्षरांत लिहिते. शेवटची चांगली प्रत मदतीच्या घाईत त्याच यंत्राला जोडल्यामुळे गेलेली मी दोनदा पाहिली आहे.

त्यानंतर डब्यावरच्या प्रतींची यादी काढायची, रोजचा वाढीचा आकडा कधी उसळला ते बघायचं, आणि त्याआधीच्या रात्रीची प्रत निवडायची. फायली त्या प्रतीतून घ्या, पण विंडोज आणि सॉफ्टवेअर नव्याने बसवा. हल्लेखोर आठवडाभर आधीपासून आत असेल तर त्याची दारं जुन्या विंडोजच्या प्रतीतही असतात. नव्या सर्व्हरवर सगळ्यांचे पासवर्ड नवे, क्लाउडचे आणि मेलचेसुद्धा, आणि ते वेगळ्या, खात्रीच्या यंत्रावरून बदललेले. कॉम्प्युटर एकेक करून स्वच्छ झाल्यावरच नव्या सर्व्हरला जोडायचे. एक जरी तसाच राहिला तर दोन दिवसांत पुन्हा पहिल्यापासून.

क्रम लावायचा तर मी असा लावीन. आज डेटाबेसच्या फायलीची तारीख. या आठवड्यात `sqlcmd` ची ओळ, दुसरी यूएसबी डिस्क, आणि स्क्रिप्टमध्ये `/MIR` असेल तर त्याच्या जागी `/E` घालणं. डबा तयार होईपर्यंत आठवड्याची प्रत याच दोन डिस्कवर सर्व्हरवरूनच आळीपाळीने उतरवा, पण प्रत झाली की डिस्क लगेच काढा. या महिन्यात पाकीट आणि डबा. डबा लागला, त्याच्या दोन आठवड्यांनी पहिली तालीम. क्लाउडची कुलूपवाली साठवण त्यानंतर घेतली तरी चालेल, मधल्या काळात बाहेर जाणारी डिस्क ते काम करते. तालमीत ताळेबंदाची बाकी जुळली नाही, तर डेटाबेसच्या प्रतीच्या लॉगमधल्या शेवटच्या दहा-पंधरा ओळी आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती इथे लिहा, पुढचं बघू.